एकाच बिलात बियाणं, खत, औषध अन् पंप : कोड न टॅक्स कसा टाकायचा?

अंकुश_दारव्हा
राम राम मंडळी. दारव्ह्याकडच्या एका खेड्यात आमचं कृषी सेवा केंद्र हाय, दोन वर्षं झाले मीच दुकानात बसतो. वर्षाची उलाढाल ८० लाखाच्या मागंपुढं, जीएसटी रेग्युलर. आतापावतो गिऱ्हाईक म्हणजे कास्तकार, तो बिल घेते न खिशात कोंबते, त्यातला मालाचा एचएसएन कोड कोणी पाहत नाई. पण या महिन्यात बाजूच्या गावच्या शेतकरी कंपनीनं एकदम माल उचलला, त्यायचा जीएसटी नंबर हाय, अन् तिथंच घोळ झाला.

माल असा, सगळे भाव टॅक्स सोडून : कपाशीचं बियाणं २० पाकिटं, ९०० नं १८,०००. मिश्र खताच्या १० बॅगा, १२०० नं १२,०००. रासायनिक कीटकनाशकाच्या १२ बाटल्या, ५०० नं ६,०००. निंबोळी अर्क २० लिटर, ३०० नं ६,०००. हातानं मारायचे फवारणी पंप ३, दोन हजारानं ६,०००. झाले ४८,०००. वरून टेम्पोचं भाडं न हमाली ९६०, ते मी दिलं न बिलात लावलं.

मी घाईघाईत एकच ओळ टाकली, "कृषी साहित्य", कोड ३८०८, ५ टक्के, टॅक्स २४००, अन् खाली भाडं ९६० बिनाटॅक्सचं. त्यायच्या अकाउंटंटनं बिल वापस केलं, म्हणे असं बिल आम्ही पुस्तकात घेतच नाई. आता मले कोणी नीट सांगजा, ओळी कशा पाडायच्या, कोड कुठून आणायचा, अन् माझ्या कॉम्प्युटरात पंप १२ टक्क्यानं येऊन राह्यला तो बरोबर हाय का?

गजाननकाका
अंकुश, एवढं मनावर घेऊ नको बावा. बिल एकच राहू दे पण मालागणिक ओळ वेगळी पाड, हे पक्कं. अन् दराचं सोपं हाय, कोड पाहिला की दर आलाच. ३८०८ म्हणजे औषध, औषध म्हणजे १८. खत ३१०५, म्हणजे ५. बियाणं माफ. पंपाचं मले नाई माहीत, मी पंप ठेवत नाई. माझं तीस वर्षाचं दुकान हाय, व्हॅटच्या काळापासून असंच चालू हाय.

रमेश_पुसद
मी तर सरसकट १ टक्का भरतो न मोकळा होतो, कोणता कोड न कोणत्या ओळी. तीन महिन्यातून एकदा भरायचं, झालं. तू कायले एवढ्या फंदात पडला?

वसुधाताई_कारंजा
रमेशभाऊ, तुम्ही कंपोझिशनमध्ये आहात, अंकुश नाही. तुमच्या बिलावर टॅक्स लावताच येत नाही, तो १ टक्का तुम्ही तुमच्या खिशातून भरता. शेतकरी कंपनीनं तुमच्याकडून माल घेतला तर त्यांना खरेदीवरच्या टॅक्सचं एक रुपयाही क्रेडिट मिळणार नाही, म्हणूनच ते अंकुशकडे आले असतील. त्याचा प्रश्न वेगळा आहे.

अंकुश, मी तालुक्याच्या ठिकाणी रिटर्न भरायचं काम करते, माझ्याकडे निम्मे गिऱ्हाईक कृषी केंद्रवालेच आहेत, तर जरा सविस्तर लिहिते. काकांचं अर्धं बरोबर आहे, ओळ मालागणिक वेगळीच पाहिजे. पण "कोड पाहिला की दर आला" हे आपल्या धंद्यात चालत नाही, आणि तुझी गडबड नेमकी तिथेच आहे.

३८०८ हा एकच कोड बघ. त्यात रासायनिक कीटकनाशकही येतं आणि निंबोळी अर्कही येतो. रासायनिकला १८ आणि निमाच्या औषधाला ५. कारण जैविक औषधांची एक नावानिशी यादी आहे, ट्रायकोडर्मा, स्युडोमोनास, बिव्हेरिया, बीटी, हेलिओथिस न स्पोडोप्टेराचे एनपीव्ही, निमाधारित औषधं, अशी मोजकी नावं आहेत आणि तेवढ्यालाच ५. तसंच १२०१ चं. सोयाबीन बियाणं म्हणून विकलं तर माफ, आणि तेच सोयाबीन तेल गाळायला मिलवाल्याला विकलं तर ५ टक्के. कोड तोच, दर दोन. कपाशीचं बियाणं न गाळपाची सरकी, १२०७ मध्ये हाच प्रकार.

म्हणजे कोड तुला घराच्या दारापर्यंत नेतो, कोणत्या खोलीत जायचं ते मालाचं वर्णन सांगतं. म्हणून ओळीत नुसतं "औषध" लिहू नको, बाटलीवरचं घटकाचं नाव लिही. तुझ्या निंबोळी अर्काच्या लेबलवर काय लिहिलं आहे ते आधी बघून सांग.

पंपाचं : हातानं चालणारा फवारणी पंप ८४२४ मध्ये येतो, आधी १२ होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला. तुझ्या कॉम्प्युटरात जुनाच दर राहिला आहे. आपल्या दुकानातल्या मालाला आता १२ चा दर कुठेच नाही, जिथे १२ दिसेल तिथे दुरुस्ती राहिली आहे असंच समज. आणि बिलाची तारीख पकड, जुना स्टॉक असला तरी विकला त्या दिवशीचा दर लागतो.

अंकुश_दारव्हा
ताई, गोडाऊनमध्ये जाऊन पाहून आलो. निंबोळी अर्काच्या कॅनवर अझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम लिहिलेलं हाय, अन् कंपनीच्या बिलावर ८ आकडी कोड, ३८०८ नं सुरू होते, दर ५.

पण तिथंच अजून एक खोका दिसला. दुसऱ्या कंपनीचं, लेबलवर मोठ्या हिरव्या अक्षरात "१०० टक्के सेंद्रिय", पानाचं चित्र, मी ते आजवर ५ नंच विकलं. कंपनीचं खरेदी बिल काढलं तं त्यावर १८ हाय! म्हणजे मी १८ नं घेऊन ५ नं विकून राह्यलो.

वसुधाताई_कारंजा
हो, हीच चूक मी दर हंगामात पाहते. लेबलवर सेंद्रिय, जैविक, ऑरगॅनिक काहीही लिहिलेलं असो, त्या यादीतलं नाव त्यात असेल तरच ५. वनस्पतींचा अर्क आहे म्हणून ५ होत नाही. त्या बाटलीवर घटक काय छापले आहेत ते वाच, निमाचं, ट्रायकोडर्माचं वगैरे काही नसेल तर १८ च. जी विकून झाली त्यांचा फरक तुला पदरचा भरावा लागेल, वर वर्षाला १८ टक्क्यानं व्याज. मोज आणि पुढच्या रिटर्नमध्ये भरून टाक, नोटीस यायची वाट बघू नको.

कोड शोधायचा असेल तर जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताच Services > User Services > Search HSN Code मध्ये बघता येतं. तिथे वर्णनावरून कोड सापडतो, दर मात्र तिथे दिसत नाही. दर पाहायचे तर १७ सप्टेंबर २०२५ च्या केंद्राच्या अधिसूचना आहेत, ९/२०२५ मध्ये सगळे दर न १०/२०२५ मध्ये माफ माल. रोजच्या कामाला कंपनीचं खरेदी बिल हा सगळ्यात जवळचा आधार, त्याच्या ८ आकड्यातले पहिले ४ तुला पुरतात, कारण ५ कोटीच्या आत उलाढाल असली तर नोंदणीवाल्या गिऱ्हाइकाच्या बिलावर ४ आकडीच सक्तीचे आहेत. वरच्यांना ६.

आता तुझं बिल. घेणारा नोंदणीवाला आहे, म्हणून नियमानं दोन कागद होतात. बियाणं माफ आहे, त्याचं वेगळं बिल ऑफ सप्लाय. बाकी चार ओळींचं टॅक्स इनव्हॉइस.

भाड्याचं तू जे केलं ते चुकीचं. टेम्पो तू लावला, माल पोचवून दिला न बिलात भाडं घेतलं, म्हणजे ते मालाच्याच किमतीत मिळतं आणि ज्या मालाचं भाडं त्या मालाचाच दर लागतो. टेम्पोवाल्याला पैसे शेतकरी कंपनीनंच परस्पर दिले असते तर तुझ्या बिलात ते आलंच नसतं. माल ४८,००० चा न भाडं ९६०, म्हणजे शंभराला २ रुपये, तसं प्रत्येक ओळीवर वाट :

बियाणं, १२०७ : १८,००० + ३६० = १८,३६०, टॅक्स नाही. हे बिल ऑफ सप्लायवर.

खत, ३१०५ : १२,००० + २४० = १२,२४०, ५ नं ६१२.
रासायनिक कीटकनाशक, ३८०८ : ६,००० + १२० = ६,१२०, १८ नं ११०१.६०.
निंबोळी अर्क, ३८०८ : ६,१२०, ५ नं ३०६.
हातपंप, ८४२४ : ६,१२०, ५ नं ३०६.

चार ओळींची टॅक्सआधीची किंमत ३०,६००, टॅक्स २,३२५.६०, एकूण ३२,९२५.६०, बिल ३२,९२६ चं. टॅक्स अर्धा केंद्राचा अर्धा राज्याचा, म्हणजे कीटकनाशकाच्या ओळीत ९ न ९, बाकीच्यात अडीच न अडीच, आणि ते ओळीगणिक दिसलं पाहिजे. बिलाच्या खाली एकच टोटल टॅक्स लिहून भागत नाही.

सूट दिली असती तर तीही अशीच वाटायची. बिलावर सरसकट ५०० कमी केले न ते फक्त १८ च्या ओळीतून वजा केले, हे मी पाहिलं आहे, ते पकडलं जातं.

गजाननकाका
पण ताई एक इचारतो. पोरानं २४०० लावले, तुमच्या हिशेबानं येते २३२५. म्हणजे सरकारले ७४ रुपये जास्तच गेले न? मंग कोणाचं काय बिघडलं? बिल फाडून नवीन करा म्हणजे पुन्हा सगळी झंझट.

वसुधाताई_कारंजा
काका, बेरीज जवळपास सारखी आली हा योगायोग आहे. आत उघडून बघा. बियाण्यावर १८,००० चे ५ टक्के म्हणजे ९०० लावले, तिथे शून्य पाहिजे होता. कीटकनाशकावर ३०० लावले, तिथे ११०१.६० पाहिजे होते, म्हणजे ८०१.६० कमी. आणि खत, अर्क, पंप यांच्या भाड्यावरचे २४ राहिले. ९०० जास्त, ८२५.६० कमी, म्हणून ते ७४.४० दिसतात.

तपासणीत अधिकारी ही वजाबाकी करून देत नाही. टॅक्स म्हणून लोकांकडून घेतलेले ९०० सरकारजमा करावेच लागतात, ते माफ मालावर घेतले असले तरी. आणि कीटकनाशकाचे कमी पडलेले वेगळे मागतात, व्याजासकट. तुम्ही म्हणाल एका बिलाचं काय, पण हंगामात अशी दोनशे बिलं झाली तर?

प्रफुल_अकाउंट
मी एका शेतकरी कंपनीचं अकाउंट पाहतो, अंकुश म्हणतो ती नाही, दुसरी, पण आम्हीही असं बिल परत केलं असतं. घेणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. आम्ही हाच माल पुढे सभासदांना विकतो, बियाणं माफ, औषध १८ नं. तुमच्या बिलात सगळं "कृषी साहित्य ५ टक्के" असेल तर आमच्या स्टॉकात काय चढवायचं? कीटकनाशकावर आम्ही १८ घेणार आणि क्रेडिट ५ चं दिसणार. बियाण्यावर लागलेले ९०० तर क्रेडिटला धरायची हिंमतच होत नाही, माफ मालाचं क्रेडिट घेतलं म्हणून उलटं आमच्यावर येते.

दुसरं, जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, त्यातलं कोडवार विक्रीचं टेबल १२. मे २०२५ पासून त्यात नोंदणीवाल्यांची विक्री न बाकीच्यांची विक्री वेगवेगळी भरावी लागते आणि कोड हातानं टाकता येत नाही, यादीतूनच निवडावा लागतो. तिथे ३८०८ दोनदा आला पाहिजे, एक ओळ १८ ची न एक ५ ची. कोणाच्या टेबलात ३८०८ ची एकच ओळ असेल न दुकानात निंबोळी अर्कही विकत असेल, तर समजायचं की गडबड आहे. मी दर महिन्याला आधी तीच ओळ पाहतो.

कपाशी_किट
माझंही थोडं असंच आहे. मी पेरणीच्या वेळी किट बनवतो, दोन पाकिटं बियाणं, एक निंबोळी अर्क, एक कीटकनाशक, एका पिशवीत, किटची किंमत २५००. बिलावर "कपाशी किट १ नग २५००" न बियाणं जास्त आहे म्हणून माफ दाखवतो. कास्तकाराला सोपं पडते. चालते न?

वसुधाताई_कारंजा
नाही चालत, आणि हे अंकुशपेक्षा महाग पडणारं आहे. वेगवेगळ्या वस्तू ज्या एकमेकींवाचून विकता येतात, त्या एकत्र बांधून एकच किंमत लावली की पूर्ण पिशवीला त्यातला सगळ्यात वरचा दर लागतो. तुमच्या पिशवीत एक १८ वाली बाटली आहे, म्हणजे बियाण्यासकट पूर्ण २५०० वर १८ चा हिशेब. २५०० टॅक्ससकट धरले तरी त्यातले ३८१.३६ टॅक्सचे निघतात.

तीच पिशवी द्या, पण बिलात तीन ओळी, प्रत्येकाचा भाव वेगळा, कोड वेगळा. मग प्रत्येकाला आपापला दर. पिशवी बांधली म्हणून काही बिघडत नाही, एकच भाव लावला म्हणून बिघडते.

कपाशी_किट
बापरे. मागच्या हंगामात शंभरावर किट गेले माझे. उद्या बिलबुक घेऊन सीएकडे जातो.

किराणा_आरमोरी
मध्येच घुसतो, माझं किराणा आहे पण कोड एक न दर दोन हे आमच्याकडे तांदळात रोजचं आहे. १००६, सुटा तांदूळ माफ, २५ किलोपर्यंतची पॅकिंग केलेली लेबलवाली पिशवी ५, अन् त्याच मिलचं ३० किलोचं पोतं पुन्हा माफ. जुलै २०२२ पासून. मी पोतं फोडून गिऱ्हाइकासमोर सुटा मोजून देतो तेव्हा माफ लावतो. बरोबर आहे न?

प्रफुल_अकाउंट
बरोबर. आधीच मोजून लेबल लावून ठेवलेलं नसावं, एवढंच.

अंकुश_दारव्हा
ताई, मुळात माझं कुठं चुकत होतं ते सापडलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये "औषधं" असा ग्रुप केलेला हाय न ग्रुपलेच १८ दर न ३८०८ कोड बांधला होता. ज्या आयटमचा सोताचा दर टाकलेला नाई तो ग्रुपचा दर उचलते. निंबोळी अर्क त्यात पडला, ट्रायकोडर्माची पाकिटंही त्यातच. म्हणजे कास्तकारायले ट्रायकोडर्मा १८ नं गेलं न तिकडं ते हिरवं लेबलवालं कोणी तरी हातानं ५ करून ठेवलेलं. काल रात्री बसून ग्रुपचा दर काढला न एकेका आयटमले कोड न दर टाकला, दोनशे चाळीस आयटम, अकरा वाजले.

विळे, खुरपे, पावडे ८२०१ मध्ये माफ टाकले, बरोबर न? अन् पीव्हीसी पाइप ३९१७ नं १८, ठिबकच्या नळ्या ८४२४ नं ५, असं खरेदी बिलावर दिसलं.

आता ते जुनं बिल फाडू का?

वसुधाताई_कारंजा
हातानं वापरायची शेतीची अवजारं माफ, बरोबर. पण घमेलं त्यात धरू नको, ते त्या माफीतून नाव घेऊन वगळलं आहे, त्याचं खरेदी बिल बघून लाव. पाइप न ठिबकचंही बरोबर.

बिल फाडू नको. या महिन्याचं जीएसटीआर-१ अजून भरलेलं नाही न? मग ते बिल रद्द म्हणून ठेव, नंबर पुन्हा वापरू नको, आणि टेबल १३ मध्ये रद्द झालेल्यांत मोज. सगळ्या प्रती शेतकरी कंपनीकडून परत घे आणि नवीन तारखेनं दोन कागद दे. रिटर्न भरून झालं असतं तर मात्र क्रेडिट नोट काढून नवीन बिल करावं लागलं असतं.

कास्तकाराचं बिल करताना दोन कागद नकोत. तो नोंदणीवाला नाही, त्याला बियाणं न औषध एकाच कागदावर चालतं, वर "इनव्हॉइस-कम-बिल ऑफ सप्लाय" असं शीर्षक छाप. आणि त्याला सांगितलेला भाव टॅक्ससकट असतो हे विसरू नको, ५९० ची बाटली म्हणजे ५९० भागिले १.१८, मूळ ५०० न टॅक्स ९०. ५९० वर पुन्हा १८ नाही.

अजून एक, बियाणं माफ असल्यामुळे दुकानभाडं, प्रिंटर, फोन अशा सामाईक खर्चाचं जे क्रेडिट तू घेतोस, त्यातला बियाण्याच्या विक्रीच्या प्रमाणातला भाग परत करायचा असतो. तू करतो का ते तुझ्या रिटर्नवाल्याला विचार.

अंकुश_दारव्हा
इचारतो ताई, ते तं मले माहीतच नव्हतं. शेवटचं एक, बॅटरीवाला पंप. माझ्याकडं दोन कंपन्यायचे हायत, एकीच्या बिलावर ८४२४ नं ५, दुसरीच्या बिलावर ८४२४ नंच १८.

प्रफुल_अकाउंट
५ च्या ओळीत "मेकॅनिकल स्प्रेअर" असा शब्द आहे. बॅटरीनं मोटर फिरते तरी फवारणी यंत्रानंच होते, मी ५ धरतो.

वसुधाताई_कारंजा
प्रफुलभाऊ, माझ्याकडचे एक सीए तसंच म्हणतात, दुसरे म्हणतात मेकॅनिकल म्हणजे हातानं चालणारा, बॅटरीवाला त्यात नाही. मला दोघांपैकी कोणाचंच लेखी दाखवता येत नाही, म्हणून मी माझ्या गिऱ्हाइकांना १८ नं घेतलेला १८ नंच विकायला लावते. ५ नं आलेल्याचं त्या कंपन्यांकडून वर्गीकरणाचा आधार लेखी मागायला सांगितलं आहे, एकीचंही पत्र अजून आलेलं नाही.

गजाननकाका
त्या टॉनिकच्या बाटल्यायचं काय मंग? ह्युमिक, सीवीड, एक कंपनी ३१०१ लिहिते न एक ३८०८. माझ्याकडं तीन कंपन्यायच्या हायत न तिन्हीचे कोड वेगळे.

वसुधाताई_कारंजा
काका, तिन्हींची लेबलं न खरेदी बिलं यांचे फोटो टाका. झाडाची वाढ नियंत्रित करणारं असं लिहिलं असेल तर ३८०८ न १८ कडे जातं. सूक्ष्म अन्नद्रव्य असेल तर खत नियंत्रण आदेशाच्या यादीतलं न नोंदणीवाल्या उत्पादकाचं आहे का ते लेबलवर दिसलं पाहिजे, तरच ५. बाटली न पाहता मी सांगणार नाही.

गजाननकाका
उद्या सकाळी दुकान उघडलं की टाकतो. अन् माझ्याही ३८०८ मध्ये आजवर एकच ओळ जात होती, निमाचे चार डबे हायत माझ्याकडं, तेही काढून पाहतो.